हळदीचे तीन साबण आणि तीन फोटो: निवड कशावर करायची?

प्रश्न: सांगलीत दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतलाय. ओळखीच्या तिघीजणी घरी हळदीचा साबण करतात, तिघींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत. पहिलीची वडी गडद केशरी आहे पण वर पांढरट थर दिसतोय. दुसरीची काचेसारखी चकचकीत पिवळी. तिसरीची फिकट, साधी, पण कागदात छान गुंडाळलेली. जागा एकीच्याच साबणाला आहे. फिनिश, रंग आणि मांडणी फोटोंवरून कशी ताडायची?

उत्तर:

तिघींना आधी दोन गोष्टी विचारा: साबण कोणत्या पद्धतीने केलाय आणि साच्यात कधी ओतलाय. हे कळल्याशिवाय फोटो शेजारी शेजारी ठेवून उपयोग नाही, कारण तुमच्या वर्णनावरून हे तीन साबण एका जातीचे दिसत नाहीत. चकचकीत वडी बहुतेक तयार ग्लिसरीन बेस वितळवून केलेली असणार, म्हणजे ज्याला आपण मेल्ट अँड पोअर म्हणतो ते. पांढरा थर आलेली केशरी वडी कोल्ड प्रोसेसची असावी, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा वापरून मुळापासून केलेली. तिसरी कोल्ड प्रोसेसचीच पण जुनी असेल, किंवा तिच्यात हळदच बेताची असेल. बेसच्या साबणाला जी चकाकी येते ती बरीचशी बेसची आणि गुळगुळीत सिलिकॉन साच्याची असते. कोल्ड प्रोसेसची वडी तशी चमकत नाही, तिचं चांगलं फिनिश म्हणजे मऊसर, सारखं, मेणचट. चकाकीवर गुण दिलेत तर दुसरी वडी न लढताच जिंकेल.

दुसरी अडचण फोटोंचीच आहे. एकीने स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली काढला असेल, एकीने संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली, एकीच्या मुलीने फिल्टर लावून. रंगाची तुलना अशा फोटोंवर होत नाही. फोटो परत मागवा, आणि मागवताना नीट सांगून मागवा. मी माझ्या स्टॉलसाठी इतरांचा माल घेते तेव्हा जे सांगते ते असं.

सकाळी दहा-अकराच्या सुमारास, जिथे थेट ऊन येत नाही अशा खिडकीशेजारी टेबल घ्यायचं आणि घरातले सगळे दिवे बंद करायचे. टेबलावर पांढरा ए-फोर कागद, त्यावर वडी, वडीशेजारी दहा रुपयांचं नाणं. उजेड समोरून नाही, एका बाजूने पडला पाहिजे. फ्लॅश बंद, ब्यूटी आणि फिल्टर बंद, पोर्ट्रेट मोडसुद्धा बंद, कारण त्यात वडीच्या कडा धूसर होतात आणि नेमक्या कडाच आपल्याला बघायच्या असतात. फोन साधारण हातभर लांब धरायचा, स्क्रीनवर वडीवर बोट ठेवून फोकस करायचा. एका वडीचे चार फोटो: वरचा भाग, कापलेली बाजू, मागची बाजू आणि गुंडाळल्यावर कशी दिसते तो. पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि बारीक ठिपके, ओरखडे त्यात पुसले जातात.

नाणं कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. दहाच्या नाण्याची कड पिवळसर आणि मधला भाग चंदेरी असतो. फोटोत तो मधला भागच पिवळट दिसला, तर अख्खा फोटो पिवळा आलाय आणि वडीचा निम्मा पिवळेपणा दिव्याचा आहे असं समजायचं. तो निळसर दिसला तर उलट. पांढऱ्या कागदावरूनही हे कळतं, पण फोन कधी कधी कागद परस्पर पांढरा करून टाकतो, मग दोन खुणा असलेल्या बऱ्या. शिवाय नाणं 27 मिलिमीटरचं असल्यामुळे वडीचा आकारही कळतो. फोटोत मोठी वाटणारी वडी प्रत्यक्षात हॉटेलातल्या साबणाएवढी निघाली तर किंमत सांगताना आपलीच पंचाईत होते.

आता फिनिश. बाजूने उजेड घ्यायला सांगितलं ते यासाठीच. समोरून फ्लॅश मारला की पृष्ठभाग सपाट दिसतो. खिडकीचा तिरका उजेड पडला की प्रत्येक खड्ड्याची, ओरखड्याची सावली पडते आणि लपवायला काही राहत नाही.

पहिलीच्या वडीवरचा पांढरा थर पाहून तिला लगेच बाद करू नका. बहुतेक वेळा तो सोडा ॲश असतो. ओतल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, अजून तेलाशी न जुळलेलं कॉस्टिक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर पांढरी भुकटी तयार करतं. मिश्रण थंड असताना ओतलं किंवा साचा उघडा ठेवला की हे जास्त होतं. ओळखायची खूण सोपी आहे: हा थर जिथे हवा लागली तिथेच असतो, म्हणजे वरच्या बाजूला आणि कडांना. कापलेल्या बाजूचा फोटो आला की बघा, आतला भाग स्वच्छ एकसारखा केशरी असेल तर चिंता नाही. ओल्या बोटाने चोळला की थर जातो, वाफ दाखवली तरी जातो. कपड्यांच्या स्टीमरची वाफ वीतभर लांबून फिरवायची आणि वडी जाळीवर वाळवायची. पुढच्या वेळी ओतल्यावर साचा झाकून ठेवा एवढं तिला सांगायचं. म्हणजे हा दोष संध्याकाळभराच्या कामाचा, निवडीत त्याला फार वजन द्यायचं कारण नाही.

पण पांढरं आत दिसलं तर गोष्ट वेगळी. कापलेल्या बाजूला पांढरे खडे, पोकळ्या किंवा ओलसर चकाकणारे ठिपके असतील तर कॉस्टिक नीट मिसळलं नसण्याची शक्यता असते. कधी ते न वितळलेल्या घट्ट चरबीचे निरुपद्रवी कणही असतात, फोटोवरून या दोन्हींतला फरक सांगता येत नाही. अशा वेळी मी शंकेचा फायदा देत नाही. लोक तो साबण तोंडाला लावणार आहेत. तो लॉट स्टॉलवर नको, तिने तपासून दुसरा करावा.

कापलेल्या बाजूवर आणखी एक गोष्ट दिसू शकते: मधोमध गडद वर्तुळ आणि भोवती फिकट कड. याला पार्शल जेल म्हणतात. साबण साच्यात आपोआप गरम होतो, मधला भाग जास्त तापून जेलसारखा होतो आणि कडेचा भाग थंडच राहतो, त्यामुळे दोन छटा येतात. वापरायला काहीच अपाय नाही. हळदीच्या साबणात मात्र तो फरक फार उठून दिसतो, कारण गरम झालेल्या भागात रंग गडद उतरतो. सगळ्या वड्यांमध्ये तसंच वर्तुळ असेल तर गिऱ्हाईक त्याला नक्षी समजतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. चार वड्यांत वर्तुळ, सहांत नाही, असं असेल तर मात्र स्टॉलवर ढीग विस्कटलेला दिसतो. म्हणून एका वडीचा फोटो कधीच पुरेसा नसतो, त्याच लॉटमधल्या पाच-सहा वड्या ओळीने ठेवून एक फोटो मागवा. हातानं केलेल्या मालात थोडा फरक चालतोच, पण जाडीत फरक आहे का हे बघा. एक वडी बोटभर जाड आणि शेजारची त्याहून निम्मी असेल तर गिऱ्हाईक सगळी चाळून जाड तेवढी उचलतं आणि संध्याकाळी तुमच्याकडे पातळ उरतात.

कापताना उठणाऱ्या रेघांबद्दल फार कडक होऊ नका. हळदीचे कण सुरीबरोबर ओढले जातात आणि बारीक चरे पडतात, तारेने कापलं तर कमी पडतात. कडा मात्र बघाच. ज्यांचा हात बसलाय त्या बटाट्याच्या पीलरने चारी कडा किंचित छिलून घेतात, त्याने वडी हातात घेताना टोचत नाही आणि कागदही फाटत नाही. फोटोत कडेवर बारीक, सरळ, एकसारखी तिरकी पट्टी दिसली की समजायचं, या बाईने नंतर प्रत्येक वडीला हात लावलाय.

दुसरीच्या, म्हणजे बेसच्या साबणात दोष वेगळ्या जागी असतात. वरच्या बाजूला बुडबुडे राहिलेत का बघा. ओतल्याबरोबर सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारला की ते फुटतात, तेवढीही तसदी घेतली नसेल तर ते दिसतं. मग वडीची एक बाजू दुसरीपेक्षा गडद आहे का बघा. बेस फार गरम असताना हळद घातली की ती तळाशी बसते आणि वडीच्या एका बाजूला तपकिरी साय आल्यासारखी दिसते. बेस थोडा निवून दाट व्हायला लागला की हळद घालायची असते. तिसरी गोष्ट घामाची. बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि वडीवर दवाचे थेंब जमतात. फोटोत हे थेंब सुंदर दिसतात, ताजं ताजं वाटतं. स्टॉलवर त्याच थेंबांनी लेबल भिजतं आणि वड्या एकमेकींना चिकटतात. दिवाळीच्या आधी परतीचा पाऊस असतोच आपल्याकडे. बेसचा साबण घेतलात तर प्रत्येक वडी थंड झाल्या झाल्या क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळलेली हवी, आणि नमुन्याची उघडी वडी दुपारी एकदा पुसायची किंवा बदलायची.

रंगाकडे येऊ, कारण खरी गंमत इथे आहे. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. साबणात तेच घडतं. कॉस्टिक चुन्यासारखंच अल्कधर्मी, त्यामुळे मिश्रणात हळद पडली की ती आधी लालसर विटकरी होते. मग साबण तयार होत जातो तसा तो लालपणा उतरतो आणि रंग केशरी, नंतर मोहरीच्या पिवळ्याकडे झुकतो. तयार साबणही थोडा अल्कधर्मीच राहतो, म्हणून कोल्ड प्रोसेसच्या साबणात हळदीचा लिंबासारखा पिवळाधमक रंग सहसा मिळत नाही. कुणी तसा फोटो पाठवला आणि रंग फक्त हळदीचा आहे असं सांगितलं, तर विनयाने विचारा, आणखी काय घातलंय. बाहेरचा रंग घालण्यात पाप नाही, कॉस्मेटिकसाठीचे रंग मिळतात, पण मग लेबलवर तसं लिहिलेलं असावं.

दुसरं म्हणजे हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. हळदीतलं रंगद्रव्य, कर्क्युमिन, उजेडाने तुटतं. पेटीत ठेवलेली वडी केशरी राहते आणि काउंटरवर दिवसभर राहिलेली फिकट पडते. म्हणून पहिलीची गडद वडी आणि तिसरीची फिकट वडी यांची तुलना करताना वय विचारा म्हटलं. आठ दिवसांची वडी आणि दोन महिन्यांची वडी यांचा रंग एकसारखा असूच शकत नाही, मग दोघींनी एकाच डब्यातली हळद घातली असली तरीही.

एक उदाहरण सांगते. मिरजेच्या एका प्रदर्शनासाठी मला हळदीचा एकच साबण ठेवायचा होता आणि दोन नमुन्यांचे फोटो आले होते, एक वाळव्याकडून, एक तासगावहून. वाळव्याची वडी फोटोत झेंडूसारखी केशरी, तासगावची अगदी फिकट, जवळजवळ साईच्या रंगाची. बघणाऱ्या सगळ्यांनी पहिलीला पसंती दिली. मी दोघींना वरच्यासारखे फोटो परत काढायला लावले आणि वडी मधोमध कापून आतली बाजू दाखवायला सांगितली. वाळव्याच्या वडीशेजारच्या नाण्याचा मधला भाग पहिल्या फोटोत चक्क सोनेरी दिसत होता, खिडकीतल्या फोटोत तो चंदेरी आला आणि वडीचा केशरी रंग बराच खाली उतरला. आत-बाहेर रंग सारखाच होता, म्हणजे वडी कोवळी होती, उजेड अजून लागलेला नव्हता. विचारल्यावर कळलं, ओतून पंधरवडाही झाला नव्हता. तासगावच्या वडीची आतली बाजू मात्र छान मोहरीपिवळी निघाली, बाहेरचा पापुद्र्याएवढा थर तेवढा फिकट. ती वडी माळ्याच्या खिडकीत, उघड्या ट्रेमध्ये मुरत, म्हणजे क्युअर होत होती.

म्हणजे दोघींच्या हळदीत आणि हातात फार फरक नव्हता. फरक ठेवण्याचा होता. मी तासगावची निवडली, कारण तिचा साबण पूर्ण मुरलेला होता, आणि तिला पीलरने बाहेरचा फिकट थर काढून घ्यायला सांगितलं. वाळव्याच्या वड्या प्रदर्शनापर्यंत चार आठवड्यांच्या झाल्या नसत्या. कोल्ड प्रोसेसचा साबण चार ते सहा आठवडे हवेशीर जागी ठेवावा लागतो. त्यात पाणी उडून वडी टणक होते, आधी विकली तर ओल्या साबणदाणीत ती दोन आठवड्यांत विरघळून जाते आणि शिव्या स्टॉलवाल्याला बसतात.

तुम्हाला वेळ असेल तर तिघींकडून एक एक वडी प्रत्यक्ष मागवून हा प्रयोग करा. वडीचे दोन तुकडे करायचे, एक स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचा, दुसरा खिडकीत. आठवड्याने दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढायचा. ज्या साबणात हा फरक कमी, तो तीन दिवसांच्या प्रदर्शनात कमी बिघडेल. फार वेळ नसेल तर निदान कापलेल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा रंग एकाच फोटोत मागवा, अंदाज येतो.

स्टॉलवरचा दिवा कसला आहे हेही आयोजकांना विचारा. यावर बरंच अवलंबून आहे आणि लोक हे विसरतात. पिवळ्या बल्बखाली फिकट पिवळा साबण पांढरट, बेरंग दिसतो, गडद केशरी मात्र उबदार दिसतो. थंड पांढऱ्या एलईडीखाली तोच केशरी थोडा मळकट, मोहरीकडे झुकलेला दिसतो. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये बहुतेक पांढऱ्या ट्यूब असतात, मांडवात पिवळ्या माळा. नमुन्याच्या वड्या रात्री घरी तशाच दिव्याखाली ठेवून बघितल्या की निर्णय सोपा होतो.

सुवासाचाही रंगावर परिणाम होतो, ते फोटोत दिसत नाही. व्हॅनिला असलेला सेंट घातला असेल तर साबण आठवड्यागणिक तपकिरी होत जातो. फोटोत आज केशरी दिसणारी वडी प्रदर्शनाच्या दिवशी गुळासारखी झालेली असू शकते. सेंट कोणता, हे विचारून ठेवा.

तेलाबद्दलही एक प्रश्न विचारा. सूर्यफूल, करडई किंवा सोयाबीन तेलाचं प्रमाण जास्त असेल तर साबण लवकर खवट होतो आणि त्यावर नारिंगी-तपकिरी ठिपके उठतात. पांढऱ्या साबणावर ते लगेच कळतात, हळदीच्या साबणात रंगात लपतात. मागच्या बाजूचा फोटो मोठा करून बघा. हळदीचे कण बारीक, कोरडे आणि सगळीकडे सारखे विखुरलेले असतात, खवटपणाचे ठिपके मोठे, तेलकट आणि भोवती डाग पसरल्यासारखे असतात. शंका आली तर नाकच कामाला येतं, फोटो नाही. जुन्या तळणाच्या तेलाचा वास आला तर पुढे विचार करायचा नाही.

राहिली मांडणी, आणि तिच्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कोणाचा साबण घ्यायचा हे ठरवताना मांडणीला सगळ्यात कमी महत्त्व द्या. तिसरीचं सुंदर गुंडाळणं पहिलीच्या वडीवर एका रात्रीत चढवता येतं. मुरलेला साबण मात्र कुणालाच एका रात्रीत करता येणार नाही.

पण गुंडाळलेल्या फोटोतून साबणाबद्दलही थोडं कळतं. कागदाची पट्टी वडीभोवती सैल झाली आहे का बघा. पट्टी घट्ट बांधून मग सैल झाली असेल, तर गुंडाळल्यानंतरही वडीतलं पाणी उडत होतं, म्हणजे ती पुरती वाळायच्या आधीच गुंडाळली. कागदावर तेलाचे डाग उमटले असतील तर तेही विचारण्यासारखं आहे, एकतर कागद पातळ आहे किंवा वडीत तेल जास्त सुटलंय. आणि वडी चारी बाजूंनी कागदात झाकलेली असेल, तर उघड्या वडीचा फोटो मागितल्याशिवाय काही ठरवू नका. माझ्या अनुभवात हळदीच्या साबणाला मधोमध रुंद पट्टी आणि दोन्ही टोकं उघडी हे सगळ्यात चांगलं विकलं जातं. रंग दिसतो, वास घेता येतो, आणि पट्टीखालचा भाग गडद राहिला तरी हरकत नाही.

पट्टी आणि लेबल कसं दिसेल हे तपासायला फोनवरच दोन गोष्टी करून बघा. फोटो कृष्णधवल करा. पिवळ्या साबणावर फिकट पिवळी किंवा क्राफ्ट कागदाची पट्टी रंगीत फोटोत शोभते, पण कृष्णधवल केल्यावर दोन्ही एकाच करड्या रंगाचे दिसले तर लांबून लेबल दिसणार नाही. गडद हिरवी किंवा मरून पट्टी तिथे उठून दिसते. मग फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून हातभर लांबून बघा. चालत जाणारं गिऱ्हाईक तुमच्या टेबलाकडे साधारण तेवढंच बघतं. त्यात साबण आहे हे कळलं आणि नाव वाचता आलं तर पुरे. सुतळी, सुकलेली फुलं, हळकुंडाचा तुकडा यांनी फोटो देखणा होतो, पण फुलं दुसऱ्या दिवशी चुरगळतात आणि ढीग रचताच येत नाही. हळकुंडं टोपलीत शेजारी ठेवा, वडीला बांधू नका.

लेबलचा जवळून फोटो मात्र तिघींकडून घ्याच. विक्रीसाठी बनवलेला आंघोळीचा साबण कॉस्मेटिकमध्ये मोडतो आणि 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार तो बनवायला उत्पादनाचा परवाना लागतो. लेबलवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, घटक, कधीपर्यंत वापरायचा हे असायला हवं. परवाना कुणाच्या नावावर आहे, की त्या साबण दुसऱ्या परवानाधारकाकडून करून घेतात, हे आधीच स्पष्ट विचारा. "डाग घालवतो", "त्वचारोग बरा करतो" असं छापलेलं असेल तर ते काढायला लावा, तो औषधाचा दावा होतो. "सांगलीची हळद" लिहिलं असेल तर ती खरंच सांगलीची आहे ना याची खात्री करून घ्या. 2018 पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हळदीच्या पेठेतच उभं राहून खोटं नाव लावणं तर फारच वाईट दिसेल.

आता तुमच्या तिघींबद्दल. आहे त्या माहितीवर माझा कल पहिलीकडे आहे, पण दोन अटींवर: कापलेली बाजू आत स्वच्छ निघाली पाहिजे, आणि प्रदर्शनाच्या दिवशी वडी किमान चार आठवड्यांची झालेली असली पाहिजे. ॲश वाफेने काढून घ्या, गुंडाळायचं काम तिसरीला मोबदला देऊन सांगा, तिचा हात त्यात चांगला दिसतोय. पहिलीची वडी कोवळी निघाली तर तिसरीकडे जा. तिची वडी कापून आत रंग आहे का बघा. आत चांगला मोहरीपिवळा असेल तर कडा छिलून तोच साबण घ्या. आतही फिकट असेल तर तिने हळद फारच कमी घातली आहे. अर्धा किलो तेलाला पाव ते एक छोटा चमचा एवढं साधारण चालतं, त्याहून फार वाढवलं तर फेस पिवळा होतो आणि पांढऱ्या टॉवेलवर डाग पडतात, म्हणून तिला वाढवायला सांगताना बेताने सांगा.

दुसरीचा साबण मी वाईट म्हणत नाही. भेटवस्तूच्या डब्यात, पणतीच्या किंवा फुलाच्या आकाराच्या साच्यात तो छान खपतो आणि त्याला महिनाभर थांबावं लागत नाही. तुमचं गिऱ्हाईक मुख्यतः दिवाळीच्या भेटी घेणारं असेल, रोजच्या वापराचा साबण शोधणारं नसेल, तर निर्णय तिच्या बाजूने फिरू शकतो. फक्त "तेलापासून घरी केलेला" असं सांगून तो विकू नका, आणि कोल्ड प्रोसेसच्या वडीएवढी किंमत लावू नका.

नवीन फोटो आले की इथे टाका, सोबत प्रत्येकीने साबण कधी ओतला ती तारीख आणि कोणती तेलं वापरली ते लिहा. कापलेल्या बाजूचा फोटो नसेल तर मी काही सांगू शकणार नाही.